नववीच्या मुलांना फोटोची पार्श्वभूमी बदलायला शिकवताना: दोन शनिवारांचा आराखडा

प्रश्न: आमच्या शाळेत नववीच्या २८ मुलांसाठी फोटो संपादनाची कार्यशाळा घ्यायची आहे. संगणक कक्षात १४ जुने संगणक आहेत, इंटरनेटचा भरवसा नाही. दोन शनिवार, दीड-दीड तास मिळेल. वार्षिक अंकासाठी मुलांच्या फोटोंची पार्श्वभूमी बदलायची आहे आणि सगळं मोफत साधनांनी करायचं आहे. मला स्वतःला जेमतेम येतं. काय शिकवू आणि कोणत्या क्रमाने?

उत्तर: तीन तासांत एकच काम नीट शिकवा: फोटोतली व्यक्ती मास्क लावून वेगळी करायची आणि दुसऱ्या फोटोवर अशी बसवायची की कापलेलं कळणार नाही. अक्षरं टाकणं, फिल्टर, कोलाज यातलं काहीही या दोन शनिवारांत घेऊ नका. कापलेला फोटो खोटा दिसतो तो दोनच कारणांनी. एकतर कडा चुकलेल्या असतात किंवा प्रकाश जुळलेला नसतो. पहिला शनिवार कडांना द्या, दुसरा प्रकाशाला.

साधन म्हणून गिंप हे फोटो संपादनाचं सॉफ्टवेअर घ्या. ते मोफत आहे, एकदा बसवलं की इंटरनेट लागत नाही आणि जुन्या संगणकावरही चालतं. संगणक विंडोज ७ वर असतील तर २.१० ही आवृत्ती घ्या, कारण ३.० ला विंडोज १० लागतं. कोणतीही घ्या, पण चौदाही संगणकांवर एकच हवी. नाहीतर अर्धा वेळ ‘सर, माझ्याकडे ते बटण वेगळं दिसतंय’ यातच जाईल. फाइल gimp.org वरून एकदा उतरवून पेनड्राइव्हने सगळीकडे टाका. २.१० घेतली तर आणखी एक छोटं काम आधीच उरकून ठेवा: Edit > Preferences > Interface > Icon Theme मध्ये जाऊन Color निवडा. मूळची करडी चिन्हं नवख्या मुलांना सगळी सारखीच दिसतात.

एका क्लिकवर पार्श्वभूमी काढून देणाऱ्या वेबसाइट मुलांना बहुधा माहीत असतील आणि ‘हे एवढं कशाला शिकायचं?’ असं कुणीतरी विचारेलच. त्याला खरं उत्तर द्या. त्या साइटवर फोटो दुसऱ्याच्या सर्व्हरवर जातो. वर्गातल्या मुलामुलींचे चेहरे पालकांना न विचारता तिथे पाठवणं शाळेला शोभणारं नाही. शिवाय तिथून आलेल्या फोटोत कान अर्धा गेलेला असेल, तर तो परत आणायला मास्कच यावा लागतो.

फोटो मात्र कार्यशाळेच्या आधी काढून ठेवा, आणि हे काम तुम्ही स्वतः किंवा चित्रकलेच्या शिक्षकांनी करा. इथे नीट लक्ष दिलं तर पुढचं निम्मं काम हलकं होतं. शाळेच्या व्हरांड्यात भिंत बहुधा पांढरी किंवा फिकट पिवळी असते आणि गणवेशाचा शर्टही पांढरा. अशा भिंतीपुढे काढलेल्या फोटोत कॉलर कुठे संपते आणि भिंत कुठे सुरू होते हे आपल्या डोळ्यालाही शोधावं लागतं. म्हणून मागे करडी किंवा फिकट तपकिरी साधी चादर लावा. पांढरा शर्ट, काळे केस आणि निळा ट्यूनिक हे तिन्ही तिच्यापुढे स्पष्ट उठून दिसतात. हिरवा पडदा वापरू नका. त्याचा हिरवटपणा पांढऱ्या कॉलरवर आणि गालाच्या कडेवर उतरतो, आणि आपण हाताने कापणार असल्याने त्या पडद्याचा फायदाही काही मिळत नाही. मुलाला चादरीपासून चार-पाच फूट पुढे उभं करा, म्हणजे सावली चादरीवर पडणार नाही. फोटो कंबरेपासून वरचाच घ्या. पाय दिसले की जमिनीवरची सावलीही रंगवावी लागते, आणि ते काम पहिल्या कार्यशाळेचं नाही.

त्याच दिवशी, त्याच वेळी मागे बसवायचे फोटोही काढून घ्या: मैदान, शाळेसमोरचं झाड, ग्रंथालयाची कपाटं. फोन मुलाच्या फोटोसाठी ज्या उंचीवर धरला होता त्याच उंचीवर धरा, साधारण छातीच्या पातळीवर. मैदानाचा फोटो दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून काढला आणि मुलगा समोरून काढलेला असेल, तर पुढे कितीही मेहनत घेतली तरी तो हवेत तरंगल्यासारखाच दिसतो. तेव्हा चूक कडेत शोधत बसू नये, ती कॅमेऱ्याच्या उंचीत असते.

मग सगळे फोटो लहान करा. फोनचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो आणि उघडल्यावर त्याचा एकेक लेअर, म्हणजे एकावर एक रचलेला थर, मेमरीत सुमारे ४८ एमबी जागा घेतो. तीन-चार लेअर आणि मागे जाण्याचा इतिहास धरला की जुना संगणक अडखळायला लागतो. १६०० बाय १२०० केलं की तोच लेअर आठ एमबीच्या आत येतो. छपाईची काळजी नको. ३०० डीपीआयला १६०० पिक्सेल म्हणजे सव्वापाच इंच, आणि अंकात मुलाचा फोटो दोन इंचांचा असतो. Image > Scale Image मध्ये हे होतं. सगळ्या फाइली तुम्हीच करून प्रत्येक संगणकावर ठेवा.

पहिला शनिवार

एका संगणकावर दोघं बसतील. माउस दर दहा मिनिटांनी बदलायचा हे सुरुवातीलाच सांगा आणि स्वतः घड्याळ बघून बदलायला लावा. नाहीतर ज्याला आधीच येतं त्याच्याच हातात तो राहतो.

पहिली पंधरा मिनिटं चेहरा नको, कंपासपेटी द्या. बाकावर ठेवलेल्या कंपासपेटीचा एक फोटो सगळ्यांना सारखाच. तिच्या कडा सरळ असतात, त्यामुळे मुलांचं सगळं लक्ष मास्क म्हणजे काय याकडे राहतं. मुलांना इरेझर माहीत असतो आणि ती लगेच त्याच्याकडे वळतात. त्यांना एकदा वापरू द्या आणि मग विचारा: पुसलेला कोपरा फाइल बंद करून उद्या परत आणता येईल का? येत नाही, पिक्सेल गेलेले असतात. मास्कमध्ये काहीच जात नाही. रांगोळीचा जाळीचा छापा आठवा. भोकातून रांगोळी खाली उतरते, बाकी ठिकाणी अडते. मास्कवर जिथे पांढरा रंग तिथून फोटो दिसतो, जिथे काळा तिथे अडतो, आणि करड्यातून अर्धवट दिसतो. हा करडा फार महत्त्वाचा आहे, कारण पुढे केस त्याच्याच जोरावर जमतात.

लेअरवर उजवं क्लिक, Add Layer Mask, त्यात White (full opacity). मग P दाबून ब्रश घ्यायचा आणि D दाबला की रंग काळा-पांढरा होतो. काळ्याने रंगवलं की बाकडं नाहीसं होतं, X दाबून पांढऱ्याने रंगवलं की परत येतं. X ने असं मागेपुढे करायला मुलांना पुरेसा वेळ द्या. ‘परत येतंय’ हे हाताला कळलं की ती इरेझर आपणहून सोडतात.

या टप्प्यावर दोन अडचणी येतातच आणि दोन्ही दिसल्याबरोबर ओळखता येतात. फोटोवर खरोखरचे काळे फराटे उठले, तर मूल मास्कवर नव्हे, फोटोवर रंगवतंय. Ctrl+Z करून लेअरच्या यादीत उजवीकडच्या छोट्या चित्रावर, म्हणजे मास्कवर, क्लिक करायचं. दुसरी अडचण: ब्रश फिरतोय पण काहीच होत नाही. बहुतेक वेळा कुठेतरी जुनं सिलेक्शन उरलेलं असतं आणि ब्रश त्याच्या बाहेर फिरत असतो. Ctrl+Shift+A दाबलं की सुटतं. या दोन ओळी फळ्यावर लिहून ठेवा, तुमची धावपळ बरीच वाचेल.

आता माणसाचा फोटो. समजा, दोन वेण्या, लाल रिबिनी, पांढरा शर्ट आणि निळा ट्यूनिक घातलेली एक विद्यार्थिनी आहे आणि तिला मैदानाकडेच्या कडुलिंबापुढे बसवायचं आहे. आधी तुम्ही प्रोजेक्टरवर एक प्रयोग दाखवा, मुद्दाम फिकट पिवळ्या भिंतीपुढे काढलेल्या फोटोवर. U दाबून Fuzzy Select घ्या, Threshold १५ ठेवून भिंतीवर क्लिक करा. भिंतीचा एक तुकडाच निवडला जाईल, कारण कोपऱ्यात भिंत गडद आहे. Threshold वाढवत न्या. भिंत पूर्ण निवडली जाईपर्यंत कॉलर आणि उजेडातला गालही निवडीत गेलेला असतो. हे साधन फक्त एवढंच बघतं की तुम्ही क्लिक केलेल्या पिक्सेलच्या रंगापासून शेजारचा रंग किती वेगळा आहे. कॉलर कुठली आणि भिंत कुठली हे त्याला कळत नाही. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की मुलं हाताने कापायला राजी होतात.

हाताने कापायला F दाबून Free Select. Ctrl धरून माउसचं चाक फिरवलं की झूम होतो, साधारण २०० टक्क्यांवर काम करा. क्लिक करत करत कडेने बिंदू टाकायचे: खांद्याच्या सरळ रेषेवर लांब लांब, कानाच्या वळणावर जवळ जवळ. बिंदू अगदी कडेवर टाकू नयेत, पिक्सेल-दोन पिक्सेल आतून जावं. कडेच्या पिक्सेलमध्ये शर्ट आणि चादर दोन्हींचे रंग मिसळलेले असतात. ते सोबत आले की नव्या पार्श्वभूमीवर व्यक्तीभोवती करडी किनार दिसते. वेण्यांजवळ दाट केसांच्या आतून जायचं, सुटे केस आता सोडून द्यायचे. पहिल्या बिंदूवर येऊन क्लिक करायचं आणि Enter. एवढ्याला नवख्या जोडीला पंधरा-वीस मिनिटं लागतात. घाई करू नका, हा वेळ आराखड्यात धरलेलाच आहे.

मग कड जराशी मऊ करायला Select > Feather, एक पिक्सेल. लगेच Add Layer Mask, पण या वेळी Selection निवडायचं. मग Ctrl+Shift+A दाबून सिलेक्शन सोडायचं. पार्श्वभूमी गेली. File > Open as Layers ने कडुलिंबाचा फोटो आणून तो खाली सरकवायच्या आधी एक तपासणी करायची, आणि या तपासणीसाठी मी नेहमी आग्रह धरतो. खाली एक नवा लेअर घेऊन तो झगझगीत लाल भरा. शर्टाच्या आतली भोकं आणि बाहेर राहिलेले चादरीचे तुकडे लगेच दिसतात. मग तोच लेअर पांढरा करा, म्हणजे केसांभोवतीची घाण दिसते. झाडाच्या पानांवर यातलं काहीच दिसत नाही आणि मग ते छापून आल्यावर दिसतं. प्रत्येक जोडीने दोन्ही रंगांवर तपासून ब्रशने दुरुस्ती करायची. वेणी आणि मान यांच्यामधली फट बहुतेक जण विसरतात, तीही इथेच सापडते.

आता केस. पहिल्या शनिवारातली सगळ्यात शिकवण्याजोगी गोष्ट हीच आहे, म्हणून निदान वीस मिनिटं ठेवा. मुलांना मूळ फोटो ४०० टक्क्यांवर नेऊन कॉलर, कान आणि केस यांच्या कडा बघायला सांगा. कॉलरची कड एका पिक्सेलमध्ये बदलते. कानाची जरा मऊ असते. केसांची कड पाच-दहा पिक्सेल पसरत पसरत विरते. कापलेला फोटो कात्रीने कापल्यासारखा दिसतो, कारण तिन्ही कडा सारख्याच धारदार राहिलेल्या असतात. म्हणून कॉलरसाठी Hardness 100 चा ब्रश आणि केसांसाठी Hardness 050 चा, आकार वीसच्या आसपास. Opacity तीस टक्के ठेवून मास्कवर काळ्याने केसांच्या बाहेरच्या कडेला हलकं हलकं फिरवायचं. कड करडी होते आणि केस विरल्यासारखे दिसतात. ज्यांचा हात बसला असेल त्यांना Smudge दाखवा: मास्कवरच, दोन-तीन पिक्सेलच्या ब्रशने, केसांकडून बाहेर बारीक ओढ द्यायची. पांढरा रंग बाहेर खेचला जातो आणि चार-दोन सुटे केस परत दिसतात. दोन्ही बाजूंना मिळून पाच-सहा ओढी पुरतात. जास्त झाल्या की डोक्याभोवती ब्रश चिकटवल्यासारखं दिसतं.

मोकळे, कुरळे, वाऱ्याने उडालेले केस पहिल्या खेपेला जमणार नाहीत. असा फोटो कोणाच्या वाट्याला आला तर बदलून द्या. तेल लावून बसवलेल्या वेण्या या कामाला फार सोयीच्या.

उठण्यापूर्वी फाइल Save करायची, म्हणजे ती .xcf म्हणून राहते. लेअर आणि मास्क तिच्यातच टिकतात. नावात दोघांचे हजेरी क्रमांक घाला. घाईत कोणी फक्त जेपीजी काढून ठेवली आणि .xcf सेव्ह न करता बंद केली, तर पुढच्या शनिवारी त्यांना सगळं पुन्हा कापावं लागेल. म्हणून तुम्ही स्वतः प्रत्येक संगणकावर जाऊन .xcf फाइल बघा.

दुसरा शनिवार

माउस हातात देण्याआधी दहा मिनिटं नुसतं बघायचं. कडुलिंबाच्या फोटोत ऊन कुठून येतंय? विद्यार्थिनीच्या नाकाची सावली कुठल्या गालावर आहे? उलटसुलट असेल तर मुलं तिलाच उलटवायला जातात. तसं केलं की खिशावरचा बिल्ला उलटा होतो आणि भांगही दुसरीकडे जातो. उलटवायचं ते झाड, Layer > Transform > Flip Horizontally. फक्त मागे फलक किंवा पाटी असेल तर अक्षरं उलटी होतील, तेव्हा दुसरा फोटो घ्यायचा.

दिशा जुळवता येते, प्रकाशाचा कडकपणा जुळवता येत नाही. व्हरांड्याच्या सावलीत काढलेला चेहरा सपाट, मऊ उजेडाचा असतो. दुपारी बाराच्या उन्हातल्या मैदानापुढे तो ठेवला की काहीतरी खटकत राहतं आणि रंग बदलून ते जात नाही. अशा वेळी दाट सावलीतला किंवा सकाळचा मैदानाचा फोटो घ्यावा. म्हणून तर दोन्ही फोटो एकाच वेळी काढायला सांगितलं.

मग रंग. सावलीतला उजेड निळसर असतो, उन्हातला पिवळसर. चेहरा बघून रंग ठरवू नका, चेहऱ्याच्या बाबतीत डोळा फसतो. पांढरं बघा. मैदानाच्या फोटोत कंपाउंडची चुना लावलेली भिंत असेल तर तिचा पांढरा आणि शर्टाचा पांढरा शेजारी शेजारी ठेवून बघायचे. शर्ट निळसर वाटला तर Colors > Color Balance मध्ये Midtones ठेवून Yellow–Blue ची पट्टी पिवळ्याकडे दहा-पंधरा सरकवा, हवं तर Cyan–Red लालकडे पाच. त्याआधी लेअरच्या यादीत मास्कवर नव्हे, फोटोच्या चित्रावर क्लिक केलेलं असलं पाहिजे. आदल्या शनिवारची सवय इथे उलटी फिरवावी लागते आणि मुलं हमखास अडकतात.

उजेडासाठी Colors > Curves. इथे दोन्ही फोटोंतलं काळं जुळवायचं. लांबचं झाड हवेतल्या धुरकटपणामुळे कधीच पूर्ण काळं नसतं, तेव्हा केस त्याच्याहून थोडे गडद असणं बरोबरच आहे. पण शर्टाचा उजेड मागच्या भिंतीपेक्षा फार जास्त असेल तर रेषेचा मधला भाग जरासा खाली ओढा. शेवटी कडुलिंबाच्या लेअरवर Filters > Blur > Gaussian Blur, तीन-चार पिक्सेल. मागचं थोडं धूसर झालं की नजर चेहऱ्यावर येते आणि दोन फोटोंच्या स्पष्टतेतला फरकही लपतो. दहापर्यंत नेऊ नका, फोनने काढलेल्या फोटोत एवढी धूसरता खरी वाटत नाही.

यात पन्नास मिनिटं जातील. उरलेल्या वेळात जोड्यांनी जागा बदलायच्या आणि दुसऱ्याचा फोटो आधी दूरवरून, मग २०० टक्क्यांवर बघायचा. ‘छान आहे’ असं म्हणू देऊ नका. कुठली कड चुकली किंवा कुठला रंग जुळला नाही हे बोट ठेवून सांगायला लावा आणि मालकाने ते तिथेच सुधारायचं. मास्क असल्याने ते दोन मिनिटांत होतं.

एक नियम पहिल्याच शनिवारी सांगून टाका आणि दुसऱ्या शनिवारी पुन्हा बजावा: ज्याचा चेहरा आहे त्याला विचारल्याशिवाय त्याची पार्श्वभूमी बदलायची नाही, मग तो मित्र असो की शिक्षक. या वयात हे कौशल्य हातात आलं की पहिला प्रयोग वर्गातल्याच कुणावर तरी होतो आणि संध्याकाळपर्यंत तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेला असतो. कार्यशाळेत फक्त स्वतःचा किंवा जोडीदाराचा फोटो, पालकांची लेखी संमती आधीच घेतलेली. अंकात बदललेल्या फोटोखाली ‘पार्श्वभूमी बदललेली’ असं बारीक अक्षरात छापा. स्नेहसंमेलन किंवा क्रीडास्पर्धेच्या बातमीतल्या फोटोची पार्श्वभूमी मात्र कधीच बदलू नका, कारण तिथे वाचक फोटोकडे घडलेल्या गोष्टीचा पुरावा म्हणून बघतो. मागचा फोटो इंटरनेटवरून घ्यायचाच असेल तर विकिमीडिया कॉमन्सवरून घ्या आणि तिथे दिलेल्या परवान्याप्रमाणे छायाचित्रकाराचं नाव छापा.

शेवटी File > Export As. अंकाच्या मांडणीसाठी जेपीजी, Quality ९० च्या पुढे. मागचा भाग पारदर्शक ठेवून व्यक्ती एकटीच हवी असेल तर पीएनजी, कारण जेपीजीत पारदर्शकता राहत नाही आणि तिथे सपाट रंग भरला जातो. छापखान्याकडे व्हॉट्सअ‍ॅपने पाठवणार असाल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवल्यावर तो दाबून लहान केला जातो आणि केसांच्या कडेवर मुलांनी केलेली सगळी बारीक कारागिरी चौकोनी ठिपक्यांत जाते. .xcf फाइली अंक छापून येईपर्यंत पुसू नका. एखाद्या पालकाला मागचं झाड आवडलं नाही, तर खालचा लेअर बदलून पाच मिनिटांत दुसरा फोटो देता येईल.